गच्चीवरचं पाणी घरात का उतरतं?

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याचा डोंगरी भाग सोडला, तर बहुतेक तालुक्यांत पाऊस कमीच. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. तोवर गच्चीवरची धूळ आणि कडुनिंबाचा पाला पाइपाच्या तोंडाशी साचून घट्ट बसतो. वीस बाय तीस फुटांच्या गच्चीवर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, की सुमारे २,८०० लिटर पाणी जमा होतं. ते तुंबलं, की स्लॅबच्या बारीक भेगांतून खाली झिरपतं.

आधी जाळी काढा आणि गाळ हातानं वर उचला. काठीनं खाली ढोसू नका, तो वळणात जाऊन अडकतो. मग बादलीभर पाणी ओता. खालून धार बारीक आली, तर तळाचं वळण उघडून साफ करा.

पाइप मोकळा असूनही डबकं राहत असेल, तर उतार तपासा. दर शंभर इंचाला एक इंच उतार हवा. म्हणजे पाइपाचं तोंड पंधरा फुटांवर असेल, तर लांबचं टोक पावणेदोन इंच उंच असावं. गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपनं हे लगेच कळतं.

ओल फक्त पाइपाभोवती दिसली, तर बहुधा तिथला सांधा सुटलेला असतो. छताच्या मधोमध दिसली, तर वरच्या डबक्याभोवती खडूनं रेघ मारा. गच्ची कोरडी झाल्यावर तेवढ्याच भागातला पोकळ कोबा काढून उतार नव्यानं करून घ्या. जुन्यावर थर चढवत गेलं, तर स्लॅबवर वजन मात्र वाढतं.