माळ्याचा करार ऋतूंप्रमाणे लिहा

पुण्यातल्या सोसायट्यांचे माळीकामाचे करार पाहिले, तर बहुतेकांत एकच ओळ सापडते: 'रोज पाणी, आठवड्याला गवत कापणे, महिन्याला खत.' बारा महिने तेच. झाडे मात्र बारा महिने एकसारखी वागत नाहीत, आणि माळी कराराबाहेर जायला धजत नाही. कारण एक दिवस पाण्याचा पाइप हातात दिसला नाही, की कोणीतरी सेक्रेटरींकडे तक्रार करतेच.

पाण्याचेच घ्या. एक गुंठा हिरवळीला मे महिन्यात दिवसाला साधारण पाचशे लिटर पाणी लागते. थंडीत त्याच्या निम्म्यावर भागते. जुलैत पाऊस लागला की काहीच द्यावे लागत नाही. छज्ज्याखालच्या कुंड्या तेवढ्या रोज पाहाव्या लागतात, कारण तिथे पाऊस पोहोचत नाही. तरीही करारापोटी पाणी चालू राहते. मग जास्वंदीची पाने पिवळी पडतात आणि खत कमी पडले असे समजून वर युरिया टाकला जातो. अशा वेळी खुरप्याने चार बोटे माती उकरून पाहा. माती चिकट असेल, आंबूस वास येत असेल, मुळे तपकिरी होऊन त्यांची साल बोटाला सुटत असेल, तर मुळे कुजली आहेत. तिथे खताचा उपयोग नाही. पाणी तोडायचे, वाफ्याला चर काढून निचरा करायचा.

छाटणीचेही वेळापत्रक करारात हवे. गुलाब ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर छाटायचा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घ्यायचा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावायची. दीड-दोन महिन्यांत फुले येतात. हीच छाटणी भर पावसात केली, तर ओल्या कापातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. मोठ्या झाडांच्या फांद्या पावसाळ्याआधी उतरवायच्या, पण त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. तो अर्ज माळ्याने नव्हे, सोसायटीने करायचा असतो.

अवजारे कोणाची, हेही करारात लिहा. गवत कापल्यावर दुसऱ्या दिवशी पात्यांची टोके पांढरट, पिंजलेली दिसली, तर यंत्राचे पाते बोथट आहे. ते गवत कापत नाही, फाडते. धार लावण्याचा खर्च कोणाचा हे ठरलेले नसेल, तर धार लागतच नाही. कात्रीचेही तसेच. रोगट झाड छाटून झाल्यावर ती स्पिरिटने पुसली नाही, तर रोग पुढच्या झाडावर जातो.

मजुरी आणि सामान यांचे पैसे वेगळे मांडा. एकत्र ठेवले की आधी खत-औषधाला कात्री लागते.

जूनच्या बैठकीत 'रोज पाणी' ही ओळ खोडा आणि तिथे लिहा: 'माती पाहून पाणी.'