इसार बुडतो तेव्हा



इसारपावती ज्याच्या घरात कधी आली नाही, असा माणूस अहमदपूर तालुक्यात शोधावा लागेल. जमीन असो, प्लॉट असो, बाजारपेठेतलं दुकान असो. सौदा ठरला की इसार दिला जातो आणि पावतीच्या शेवटी एक वाक्य हमखास लिहिलं जातं: ठरल्या मुदतीत खरेदीखत करून घेतलं नाही तर इसार बुडेल. लिहून देणारा आणि लिहून घेणारा, दोघंही असंच समजून सही करतात की एकदा लिहिलं म्हणजे ते झालंच. कायदा मात्र तसं म्हणत नाही. तो काय म्हणतो, ते आज सांगायचं आहे.

आपण एक सौदा धरून चालू. दोन एकर जमीन, किंमत ४० लाख. इसार म्हणून १० लाख दिले. मुदत सहा महिन्यांची. मुदत संपली, घेणाऱ्याची रक्कम जमली नाही, सौदा मोडला. जमीनमालक म्हणतो, दहा लाख माझे. हे बरोबर आहे का?

उत्तर भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये आहे. कायदा १८७२ चा. आपल्या मराठवाड्यात तो १९५१ साली लागू झाला. हे कलम सांगतं की करार मोडल्यावर द्यायची रक्कम करारात लिहिलेली असली, तरी करार पाळणाऱ्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा आहे. तिच्या आत किती द्यायचं, ते न्यायालय ठरवतं.

इंग्लंडमध्ये न्यायाधीश आधी पाहत की लिहिलेली रक्कम हा नुकसानीचा प्रामाणिक अंदाज आहे की समोरच्याला धाक घालण्यासाठी लावलेला दंड. अंदाज असेल तर पूर्ण रक्कम, दंड असेल तर ते कलमच बाद आणि झालेलं नुकसान सिद्ध करून मागायचं. या भेदावरून तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले. आपल्या कायद्याने नाव काहीही द्या, मिळेल ते वाजवीच, असा सरळ रस्ता धरला. मला हा रस्ता जास्त न्याय्य वाटतो, कारण गरजेत असलेला माणूस पावतीवर कशावरही सही करतो.

आता एक खरा खटला नीट पाहू. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास. दिल्लीतली एक मालमत्ता, मार्च १९४९ चा करार, किंमत १,१२,५०० रुपये. घेणाऱ्याने १,००० रुपये इसार दिला आणि ताबा घेताना आणखी २४,००० दिले. १ जूनपर्यंत खरेदीखत झालं नाही तर २५,००० रुपये जप्त, असं करारात होतं. खरेदीखत झालं नाही; दोघांनी एकमेकांवर बोट ठेवलं. उच्च न्यायालयाने किमतीच्या दहा टक्के, म्हणजे ११,२५० रुपये, विकणाऱ्याने ठेवावेत असं म्हटलं. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही मान्य केलं नाही. विकणाऱ्याचं नुकसान झालं याचा पुरावा कुठे आहे? मालमत्तेचा भाव पडला असंही त्याने दाखवलेलं नव्हतं. इसाराचे १,००० त्याने ठेवावेत. घेणाऱ्याने जितका काळ ताबा वापरला त्याचा मोबदला वेगळा मिळेल. पण २४,००० जप्त करता येणार नाहीत.

या निकालातली कळीची गोष्ट म्हणजे त्या दोन रकमांमधला फरक. १,००० हा शब्द पाळण्याची हमी म्हणून दिलेला इसार होता. २४,००० हा किमतीचाच एक भाग होता, जरी करारात दोन्ही एकाच दोरीत बांधले होते. वाजवी इसार बुडणं याला न्यायालयं सहसा दंड मानत नाहीत. किमतीचा मोठा हिस्सा गिळला तर मात्र तो दंड ठरतो. म्हणून आपल्या सौद्यात न्यायालय पहिल्यांदा विचारेल की चाळीस लाखांवर दहा लाख, म्हणजे चौथा हिस्सा, हा खरोखर इसार होता का, की पावतीवर नुसतं तसं नाव दिलं आहे?

मग हिशोब नुकसानीचा. सौदा मोडला त्या दिवशी त्या जमिनीचा भाव काय होता, ते पाहायचं. ३८ लाख असेल तर मालकाचं नुकसान दोन लाखांचं. दलालीसारखा खर्च वाया गेला असेल तर तोही. बाकीचे पैसे परत. भाव ४३ लाखांवर गेला असेल तर तोटा झालाच नाही. कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात असंच काहीसं घडलं होतं. दिल्ली विकास प्राधिकरणाने १९८२ मध्ये एक प्लॉट ३.१२ कोटींना लिलावात दिला, ७८ लाख जप्त केले आणि पुढे तोच प्लॉट ११.७८ कोटींना विकला. चूक घेणाऱ्याची नव्हती, आणि तोटाही झाला नव्हता. २०१५ मध्ये ७८ लाख परत करण्याचा आदेश झाला.

आणि समजा भाव २५ लाखांवर कोसळला? नुकसान पंधरा लाखांचं, पण बुडणारी रक्कम दहाच लाखांची लिहिलेली. त्याहून जास्त मागता येणार नाही. मुंबईच्या सेंच्युरी मिलचं प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. सर चुनीलाल मेहता यांच्या पेढीकडे १९३३ पासून २१ वर्षांसाठी मिलच्या व्यवस्थापनाचं काम होतं. १९५१ मध्ये ते मुदतीआधी काढून घेतलं. पेढीने २८ लाखांहून अधिक मागितले. पण करारातच लिहिलं होतं की असं झालं तर उरलेल्या मुदतीसाठी महिना ६,००० रुपये द्यावेत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढेच दिले: २,३४,०००. आकडा लिहिताना दोघांनी तो स्वतःवरही बांधून घेतलेला असतो.

मग कुणी विचारेल, कलमात तर नुकसान सिद्ध केलं नाही तरी चालेल असं म्हटलंय. म्हटलंय, पण ते नुकसान झालंच नसेल तरी पैसे मिळावेत म्हणून नाही. नुकसान झालंय पण मोजता येत नाही, अशांसाठी आहे. ओएनजीसीला विहिरींसाठी पोलादी पाइप उशिरा मिळाले, तेव्हा समुद्रातल्या कामाचा खोळंबा रुपयांत मोजणं शक्य नव्हतं. करारात आठवड्याला एक टक्का, जास्तीत जास्त दहा टक्के, असं ठरलं होतं. २००३ मध्ये न्यायालयाने ते प्रामाणिक अंदाज मानून कपात मान्य केली. जमिनीचा भाव मात्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्याच शिवारातल्या इतर खरेदीखतांवरून काढता येतो. जिथे मोजता येतं, तिथे मोजून दाखवा, असंच न्यायालय म्हणणार.

एवढं सगळं बाजूने असूनही इसार देणारे एका जागी हरतात. खरेदीखत करून द्या एवढाच दावा लावतात. ते मिळालं नाही तर इसार परत द्या, ही मागणी लिहीतच नाहीत. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ती मागणी दाव्यात स्पष्ट हवी. नसेल तर न्यायालयाला द्यावंसं वाटलं तरी देता येत नाही. दावा चालू असताना दुरुस्ती करून ती घालता येते. तेव्हा ज्यांचे असे दावे इथे किंवा लातूरला चालू आहेत, त्यांनी आपल्या वकिलांकडून दाव्याची नक्कल मागून घ्यावी आणि शेवटच्या पानावरच्या मागण्या स्वतः वाचाव्यात.