बाल्कनीच्या चित्रातली शेजारची बिल्डिंग

आज बाल्कनीच्या रेंडरबद्दल बोलूया. समजा, आपल्या नांदगावात तुम्ही छोटा फ्लॅट बघताय. चित्रात खुर्ची, कुंड्या, रेलिंग आणि पलीकडे शेजारची बिल्डिंग आहे. मी आधी ती बिल्डिंग मोजतो, कारण उजेड, वारा आणि आडोसा तिच्यावरच ठरतो.

हिशोब सोपा आहे. वस्तू दुप्पट लांब गेली की चित्रात निम्मी दिसते. आपलं रेलिंग एक मीटर उंच आणि कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर आहे, असं धरू. शेजारची बिल्डिंग रेलिंगपासून साडेचार मीटरवर, म्हणजे कॅमेऱ्यापासून सहा मीटरवर. तिचा एक मजला तीन मीटरचा. मग चित्रात रेलिंग १२ सेंटिमीटर भरलं, तर तो मजला ९ भरायला हवा. तो ६ च भरला, तर बिल्डिंग नऊ मीटरवर दाखवलीय. जागेवर नसलेले तीन मीटर चित्रात मोकळे झाले!

हे बहुतेक मागे तयार फोटो चिकटवल्यामुळे होतं. बिल्डिंगचं साधं खोकं खऱ्या मापाने मॉडेलमध्येच उभं केलं की प्रश्न मिटतो.

खुर्चीही तपासा. बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते, म्हणून रेलिंगला टेकलेल्या खुर्चीची बैठक रेलिंगच्या निम्म्याच्या जरा खाली यायला हवी. फारच खाली असेल, तर फर्निचर लहान करून बाल्कनी मोठी दाखवलीय.

एक अट मात्र आहे. कॅमेरा सरळ हवा. तो वर-खाली कलला, तर उभ्या रेषा तिरक्या दिसतात आणि हा हिशोब लागू पडत नाही.