तळहातावरचा बाजारभाव

आकाशवाणीवर बाजारभाव वाचला जातो तेव्हा निवेदकासमोर कागदावर तक्ता असतो आणि श्रोत्याच्या कानावर मात्र साधी वाक्ये येतात. ‘दर प्रतिक्विंटल रुपयांत’ हे सुरुवातीला एकदाच सांगितले जाते. मग गावाचे नाव, मालाची जात, आवक आणि शेवटी भाव. रेडिओला रुंदी नसते. एका वेळी एकच शब्द जातो, म्हणून काय आधी सांगायचे, काय एकदाच सांगायचे आणि कशाला कशाच्या जोडीने उच्चारायचे, हे तिथे आधी ठरवावे लागते. फोनच्या पडद्यावर रुंद तक्ता बसवणाऱ्यालाही नेमके हेच ठरवावे लागते.

कांद्याचा तक्ता घेऊ. राज्यातल्या बाजार समित्यांचे भाव ज्या मांडणीत प्रसिद्ध होतात, ती शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे: बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. एकूण सात रकाने. संगणकाच्या पडद्यावर ते ऐसपैस बसतात. फोनवर काय होते, हे साध्या बेरजेने कळते. पुष्कळ अँड्रॉइड फोनच्या पडद्याची रुंदी वेबपानाच्या मापात ३६० पिक्सेल असते. दोन्ही कडांना १६ पिक्सेल मोकळे सोडले की उरतात ३२८. नेहमीच्या १६ पिक्सेलच्या अक्षरात ‘जास्तीत जास्त दर’ एवढे शीर्षकच सव्वाशेच्या आसपास जाते, ‘पिंपळगाव बसवंत’ तेवढेच घेते, आणि प्रत्येक रकान्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पिक्सेल सोडले तर सात रकान्यांची नुसती मोकळी जागाच ११२ होते. सगळे मिळून तक्ता सातशेच्या घरात पोहोचतो. म्हणजे पडद्याच्या दुप्पट.

अशा पानावर लासलगावचा सर्वसाधारण दर पाहायचा तर बोटाने तक्ता डावीकडे ढकलावा लागतो. दर दिसतो, पण तोवर ‘लासलगाव’ हे नाव काचेबाहेर गेलेले असते. समोरचा १,५०० हा आकडा लासलगावचा की त्याच्या वरच्या ओळीतला विंचूरचा, हे पाहायला तक्ता पुन्हा उजवीकडे ढकलायचा. ट्रॅक्टरमध्ये माल भरून कुठल्या बाजारात न्यायचा हे ठरवणाऱ्या माणसासाठी ही ओळीची चूक महाग पडू शकते.

यावर बहुतेकांना पहिला सुचणारा उपाय म्हणजे अक्षर लहान करणे. तो लगेच बाजूला ठेवावा. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली आणि जोडाक्षरे मध्ये दाटलेली असतात. दहा-अकरा पिक्सेलच्या अक्षरात, उन्हात, साठीतल्या डोळ्यांना ती वाचता येत नाहीत.

दुसरा उपाय फार लोकप्रिय आहे. २०१० साली ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणाऱ्या पानांची कल्पना मांडली आणि त्यानंतर वर्षभरात ख्रिस कॉयर यांनी तक्त्यांसाठी एक युक्ती दाखवली. पडदा अरुंद असेल तेव्हा तक्त्याची प्रत्येक ओळ सुटी करून तिचे एक कार्ड बनवायचे. कार्डावर रकान्यांची नावे डावीकडे आणि मूल्ये उजवीकडे, एकाखाली एक. आडवे सरकवणे पूर्ण थांबते आणि काही ठिकाणी ही मांडणी उत्तम चालते. परीक्षेचा निकाल पाहणाऱ्या मुलीला फक्त स्वतःच्या बैठक क्रमांकाची ओळ हवी असते. शेजारच्या ओळीशी तिला देणेघेणे नसते.

कांद्याचा भाव पाहणाऱ्याला मात्र शेजारच्या ओळीच हव्या असतात. सात रकान्यांच्या कार्डाला सात ओळी लागतात, एकेक ओळ २८ पिक्सेल धरली तरी कार्ड दोनशेच्या आसपास जाते. फोनवर एका नजरेत साधारण ६०० पिक्सेल उंची दिसते, म्हणजे तीन बाजार समित्या. वीस समित्यांसाठी सात पडदे खाली जायचे, आणि पहिल्या पडद्यावरचा भाव डोक्यात ठेवून सातव्या पडद्यावरच्या भावाशी ताडायचा. आडवे सरकवणे गेले, पण उभ्या रकान्यात नजर खाली फिरवून आकडे ताडण्याची सोय, जी तक्त्याची मूळ कामगिरी, तीही गेली.

म्हणून इथे तक्ता तक्ताच ठेवायचा आणि रकाने कमी करायचे. कोणते, हे ठरवायला बाजार माहीत असावा लागतो. नुसते संगणकाचे ज्ञान पुरत नाही.

सुरुवात परिमाणापासून करता येते. कांद्याच्या सगळ्या ओळींत ‘क्विंटल’ हाच शब्द असतो. तोच शब्द वीस वेळा छापण्याऐवजी रेडिओच्या निवेदकासारखे ते वर एकदाच सांगावे: ‘कांदा, आवक क्विंटलमध्ये, दर रुपये प्रतिक्विंटल’. तारीखही तिथेच. एक रकाना गेला. मग जात. वाचणाऱ्याला तक्त्याच्या वर ‘लाल’, ‘उन्हाळी’, ‘पांढरा’ यांतून निवड करू दिली, तर सगळ्या ओळी एकाच जातीच्या राहतात. निवड केली नसेल तेव्हा जात बाजार समितीच्या नावाखाली लहान ओळीत येते. तिला वेगळा रकाना लागत नाही, पण ती गाळताही येत नाही, कारण लाल आणि उन्हाळी कांद्याचे भाव एका मापाने मोजण्यात अर्थ नाही.

उरले तीन दर. शेतकरी आधी सर्वसाधारण दर पाहतो. तो ठळक, वरच्या ओळीत. त्याच्याच खाली, किंचित लहान अक्षरात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. तीन रकान्यांचा एक झाला. त्या दोन आकड्यांमध्ये आडवी रेघ टाकण्याऐवजी ‘ते’ लिहावे: ‘८०० ते १,९००’. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध माणसाला ती रेघ कधी ऐकूच येत नाही, कधी वजाबाकीच्या चिन्हासारखी ऐकू येते. ‘ते’ सगळ्यांना ऐकू येते.

आता तक्ता असा दिसतो. आकडे केवळ नमुन्याचे आहेत. पहिल्या रकान्यात ‘लासलगाव’ आणि त्याखाली ‘उन्हाळी’. दुसऱ्यात आवक, १२,५००. तिसऱ्यात ‘१,५००’ आणि त्याखाली ‘८०० ते १,९००’. पहिल्या रकान्याला १४०, दुसऱ्याला ७६, तिसऱ्याला ११२ पिक्सेल दिले की बेरीज बरोबर ३२८ येते. दोन ओळींची एक नोंद साधारण ६० पिक्सेल उंच होते, म्हणजे एका नजरेत नऊ-दहा बाजार समित्या.

आवकेचा रकाना गाळायचा मोह जागा कमी पडली की हमखास होतो. भाव कळला म्हणजे झाले, असे वाटते. पण समजा एका छोट्या बाजारात सर्वसाधारण दर १,७५० दिसतो आहे आणि आवक अवघी ४० क्विंटल. लासलगावात १,५०० दिसतो आहे, पण तो साडेबारा हजार क्विंटलवर ठरलेला आहे. त्या छोट्या बाजारात दहा ट्रॅक्टर एकदम जाऊन उभे राहिले तर तो १,७५० टिकेल का, हा प्रश्न आवक दिसली तरच मनात येतो. रकाना काढायचा असेल तर माल कुठे न्यायचा या निर्णयात तो काही भर घालत नाही याची खात्री हवी. आवक भर घालते, म्हणून ती भावाच्या शेजारीच राहते.

परिमाण वर नेण्यातही एक खोच आहे. हीच मांडणी उद्या कोथिंबिरीला लावली तर घोटाळा होईल. कोथिंबीर काही बाजारांत क्विंटलवर, तर काही ठिकाणी नगावर नोंदली जाते. वर ‘प्रतिक्विंटल’ लिहून खाली नगांचे भाव दाखवले, तर तक्ता देखणा दिसेल आणि खोटे सांगेल. म्हणून प्रोग्राममध्ये आधी पाहावे लागते की सगळ्या ओळींचे परिमाण एकच आहे का. एकच असेल तर ते वर जाते. वेगळे असेल तर प्रत्येक भावाच्या शेजारी परत येते आणि वेगवेगळ्या परिमाणांच्या ओळी वेगळ्या गटांत मांडाव्या लागतात.

अक्षरांबाबत दोन गोष्टी फार जपाव्या लागतात. आकडे उजव्या कडेला लावलेले असावेत, म्हणजे एककाखाली एकक येते आणि ९५० व १,९५० यांतला फरक वाचण्याआधीच डोळ्याला कळतो. त्यासाठी सगळ्या अंकांची रुंदी सारखी हवी. `font-variant-numeric: tabular-nums` या सूचनेने ती मागता येते, पण निवडलेल्या देवनागरी फॉन्टमध्ये तशी सोय असेल तरच मिळते. १,१११ आणि १,८८८ एकाखाली एक लिहून पाहिले की ती आहे की नाही हे लगेच दिसते. दुसरी गोष्ट गावांच्या नावांची. जागा कमी पडली तर कुठेही तोडा, असे ब्राउझरला सांगून ठेवले तर ‘बसवंत’चा ‘वंत’ खालच्या ओळीत जातो. ‘पिंपळगाव’ आणि ‘बसवंत’ यांच्या मधल्या जागेवरच नाव तुटले पाहिजे, आणि दोन ओळींत इतके अंतर हवे की वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना टेकणार नाहीत.

काही तक्ते मात्र कितीही आवळले तरी मावत नाहीत. बारा महिन्यांचे भाव बारा रकान्यांत मांडायचे असतील तर एकही महिना गाळता येत नाही. वेबपाने सर्वांना वापरता यावीत म्हणून २०१८ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत मजकूर ३२० पिक्सेल रुंदीत आडवे न सरकवता वाचता यावा अशी अट आहे, आणि माहितीच्या तक्त्यांना तिथे सूट दिलेली आहे, ती याच कारणाने. अशा वेळी सरकवणे फक्त तक्त्याच्या चौकटीपुरते ठेवावे, बाकीचे पान जागचे हलू नये, आणि गावाच्या नावांचा पहिला रकाना `position: sticky` आणि `left: 0` या जोडीने डाव्या कडेला खिळवून ठेवावा. महिने सरकत राहतात, लासलगाव जागेवर राहते. उजव्या कडेला एखादा महिना मुद्दाम अर्धा कापलेला दिसू द्यावा. तो नेमका पूर्ण बसला तर पुढे आणखी काही आहे हे कुणाला कळतच नाही, आणि जूननंतरचे भाव असूनही नसल्यासारखे होतात.

तयार तक्ता तपासायला संगणकावर ब्राउझरची खिडकी ३२० पर्यंत अरुंद करून पाहता येते, पण खरी परीक्षा फोनवरच. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सर्वांत मोठे करावे, कारण घरातली वडीलधारी माणसे फोन तसाच वापरतात. मग पान उघडून अंगठ्याने आडवे ढकलून पाहावे. सगळे पान डुलले तर काहीतरी पडद्यापेक्षा रुंद राहिले आहे, आणि बहुतेक वेळा ते एखादे न तुटणारे शीर्षक असते. ‘सर्वसाधारण दर’ दोन ओळींत मोडू दिले की पान स्थिर होते. शेवटी पडदा वाचून दाखवण्याची सोय चालू करून भावाच्या एका आकड्यावर बोट ठेवावे. ‘सर्वसाधारण दर, एक हजार पाचशे’ असे ऐकू आले तर रकाना आणि शीर्षक यांचे नाते शाबूत आहे. नुसतेच ‘एक हजार पाचशे’ ऐकू आले तर शीर्षक त्या रकान्याशी जोडायचे राहून गेले आहे, आणि कामाला पुन्हा तिथून सुरुवात करायची.