‘ना’चा सूर



आज मी एका अक्षराबद्दल बोलणार आहे. ते अक्षर म्हणजे ‘ना’. ‘उद्या येणार ना?’, ‘गॅस बंद केलास ना?’, ‘सही झाली ना?’ असं आपण दिवसभर म्हणत असतो. याच कामासाठी आपल्याकडे ‘नाही का’, ‘की नाही’, ‘हो ना’, ‘बरोबर ना’ हेही आहेत. आपण जे म्हटलं त्याला समोरच्याची मान्यता मागायची, हे या सगळ्यांचं काम. पण ही मान्यता कशा प्रकारे मागितली जाते, हे अक्षरांवरून कळत नाही. आवाज शेवटी वर गेला की खाली उतरला, त्यावरून ते कळतं. लिहिताना आपण दोन्हींना एकच प्रश्नचिन्ह देतो आणि हा फरक कागदावरून नाहीसा होतो.

एक प्रसंग धरून बोलतो. गावात आशाताई एका गर्भवती बाईच्या घरी जाते. सरकारी कार्यक्रमानुसार या बाईला लोहाची एक गोळी रोज, अशी 180 दिवस घ्यायची असते. गोळीने कुणाला मळमळतं, कुणाला बद्धकोष्ठ होतं, शौचाला काळं होतं. ते पाहून अनेकजणी घाबरतात आणि गुपचूप गोळी बंद करतात. म्हणून आशाताईला विचारावं लागतं. ती तीन तऱ्हांनी विचारू शकते. ‘गोळ्या घेतेस का?’ हा पहिला प्रश्न. यात विचारणाऱ्याने ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरं सारखीच मोकळी ठेवलेली असतात. ‘गोळ्या घेतेस ना?’ असं म्हटलं की तिने एक उत्तर आधीच निवडलेलं असतं. ‘ना’ची हीच मूळ खूण आहे: विचारणाऱ्याच्या मनात काही एक गृहीत आहे. ते गृहीत किती घट्ट आहे, हे मात्र सूर सांगतो, आणि तिथून दुसरी आणि तिसरी तऱ्हा वेगळी होते.

दुसऱ्या तऱ्हेत ‘ना’ वर चढतो. आशाताईचं म्हणणं असं असतं: मला वाटतं तू घेतेस, पण खात्री नाही, तूच सांग. तिसऱ्या तऱ्हेत ‘ना’ खाली उतरून थांबतो. तेव्हा म्हणणं असं होतं: तू घेतेस हे मी धरूनच चालले आहे, फक्त हो म्हण. दुसऱ्या तऱ्हेत समोरच्या बाईला ‘नाही हो ताई, दोन दिवस झाले बंद केल्या’ असं म्हणायला जागा असते. उतरत्या ‘ना’पुढे तेच वाक्य बोलायला तिला आशाताईला खोटं पाडावं लागतं, आणि दारात आलेल्या माणसाला कोण खोटं पाडतं? ती ‘हो’ म्हणते. वहीत खूण होते. गोळ्यांची पट्टी फळीवर तशीच राहते.

हा चढउतार कानाने तर कळतोच, पण मोजताही येतो. आवाजाची उंची म्हणजे स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात ते. पुरुषाचा बोलण्यातला आवाज साधारण 100 ते 120 च्या आसपास असतो, बाईचा 200 च्या आसपास. ॲम्स्टरडॅमच्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं ‘प्राट’ नावाचं मोफत संगणकीय साधन आहे. त्यात ध्वनिमुद्रण टाकलं की सुराची रेघ पडद्यावर दिसते. समजा आशाताईचा आवाज ‘घेतेस’च्या शेवटी 180 वर आलेला आहे. तिथून ‘ना’ 270 पर्यंत गेला, तर तो षड्जावरून पंचमावर गेला, कारण हे प्रमाण दोनास तीन आहे. एवढी उडी कुणालाही प्रश्न म्हणून ऐकू येते. तोच ‘ना’ 180 वरून 160 वर सरकला, तर गाण्यातल्या हिशेबाने जेमतेम दोन अर्धस्वरांएवढा, म्हणजे एका पूर्ण स्वराएवढा उतार झाला. पण वाक्य मिटल्याची जाणीव द्यायला तेवढा पुरतो. एक सावधगिरी हवी. केवळ शेवटचा क्षण पाहून निकाल देता येत नाही, कारण कान ‘ना’ची तुलना त्याआधीच्या ‘घेतेस’शी करतो. वाक्यच उंचावर चाललेलं असेल, तर थोडा उतरलेला ‘ना’देखील वरच राहतो. शिवाय ‘ना गं’, ‘ना रे’, ‘ना हो’ असं म्हटलं, तर चढण त्या शेवटच्या ‘गं’वर जाऊन बसते. म्हणून ‘ना’ सपाट वाटला तरी प्रश्न खुला असू शकतो.

वर जाणारा सूर अनिश्चितीचा आणि उतरणारा ठामपणाचा का वाटतो, याचं एक सुंदर स्पष्टीकरण जॉन ओहाला या ध्वनिशास्त्रज्ञांनी दिलं. लहान प्राण्याचा आवाज उंच, मोठ्या प्राण्याचा खालचा असतो. त्यामुळे उंच आवाज नमतं घेणारा, आणि खालचा आवाज वरचढ ठरला. बोलणाऱ्या माणसातही हीच खूण उरली, असं त्यांचं म्हणणं. जगातल्या कित्येक भाषांत प्रश्नाचा सूर वर जाण्याकडे कल दिसतो, तो याच्याशी जुळतो. पण सगळ्या भाषांत तसं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

इंग्रजीत हाच खेळ जास्त अवघड कवायतीने चालतो. तिथे शेपूट प्रत्येक वाक्याप्रमाणे नव्याने घडवावं लागतं: ‘शी लिव्ज इन पुणे, डझन्ट शी?’ मुख्य वाक्य होकारी असेल, तर शेपूट नकारी. काळ आणि सर्वनाम तेच. आपल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत हे शेपूट जोडायला लावतात आणि ती ते बरोबर जोडतात. मात्र ते म्हणायचं कसं, याला गुण नसतात. ‘इट्स कोल्ड, इझन्ट इट?’ हे वाक्य बसथांब्यावर उभा असलेला इंग्रज उतरत्या सुरात म्हणतो. थंडी दोघांनाही लागते आहे, त्याला माहिती नको आहे, सोबत हवी आहे. आपला विद्यार्थी तेच चढत्या सुरात म्हणाला, तर समोरच्याला वाटेल की याला थंडी लागते की नाही, याचीच शंका आहे. इंग्रजीत ‘तुमचं नाव जोशी, ना?’ अशा अर्थाचा प्रश्न खरोखर ठाऊक नसताना विचारायचा, तर तिथे चढता सूर लागतो. व्याकरणाच्या तक्त्यात ही दोन्ही शेपटं एकसारखी दिसतात. माझं मत असं की, शेपूट बनवण्याच्या नियमांवर जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा तरी ऐकण्यावर जायला हवा.

मराठीत त्या मानाने रचना सोपी आहे, ‘ना’ बदलत नाही. सगळा भार सुरावर पडतो. ‘हो ना’ बघा. मैत्रीण म्हणते, ‘किती उकडतंय!’ आणि आपण सूर खाली सोडून ‘हो ना’ म्हणतो, ती सहमती. तोच ‘हो ना?’ चढवला की आपल्याला अजून पटलेलं नाही. ‘सांगितलं ना!’ असं लांबवून खाली आणलं, तर प्रश्नाचा अंशही उरत नाही, ‘आता पुन्हा विचारू नकोस’ एवढंच उरतं. आणि ‘बस ना’, ‘खा ना’ यांत ‘ना’ आर्जव करतो.

मघाच्या घरी परत जाऊ. आशाताईला खरी माहिती हवी असेल, तर तिने काय करावं? माझ्या मते, आधी ‘ना’ सोडून द्यावा आणि विचारावं: ‘मागच्या आठवड्यापासून किती गोळ्या घेतल्यास? पट्टी बघू.’ रिकाम्या खाचा मोजता येतात. पण ‘ना’ तोंडात बसलेला असतो, तो लगेच जात नाही. म्हणून उत्तर ऐकायलाही शिकावं लागतं. दहा भाषांच्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात मराठी नव्हती, पण जपानीपासून डॅनिशपर्यंतच्या भाषा होत्या. प्रश्नाचं उत्तर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात येतं, असं त्यात आढळलं, आणि होकारापेक्षा वेगळं उत्तर उशिरा येण्याचा कल दिसला. त्यामुळे ‘घेतेस ना?’ला लगेच आलेला ‘हो’ आणि थोडं थांबून, ‘हो... घेते की’ असा आलेला ‘हो’ एकाच रकान्यात टाकू नयेत. दुसऱ्यावर लगेच पुढचा प्रश्न यावा: ‘मळमळतं का?’ इथे ‘का’ म्हणायचं. ‘मळमळत नाही ना?’ म्हटलं की ‘नाही’ हे उत्तर तयार करून हाती दिल्यासारखं होतं.

हा नकारी प्रश्न फार फसवा असतो. ‘मळमळत नाही ना?’ या प्रश्नाला बाईने नुसतं ‘हो’ म्हटलं, तर त्याचा अर्थ काय? ‘हो, तुमचं म्हणणं बरोबर, मळमळत नाही’ असा होतो, आणि ‘हो, मळमळतं’ असाही होतो. मराठीत दोन्ही प्रकारचे ‘हो’ ऐकू येतात. नुसत्या ‘नाही’नेही पेच पूर्ण सुटत नाही. म्हणून समंजस माणसं क्रियापद पुन्हा उच्चारतात: ‘हो, मळमळतं’, ‘नाही, अजिबात मळमळत नाही’. विचारणाऱ्यानेही नुसता ‘हो’ स्वीकारू नये, क्रियापद येईपर्यंत थांबावं.

न्यायालयात हा पेच अधिक महाग पडतो. ज्या प्रश्नातच अपेक्षित उत्तर सुचवलेलं असतं, त्याला 1872 च्या साक्षीपुरावा कायद्याने सूचक प्रश्न म्हटलं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कल्पना कायम आहे. सरतपासणीत विरुद्ध पक्षाने हरकत घेतली, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय असे प्रश्न चालत नाहीत; उलटतपासणीत चालतात. ‘तुम्ही त्या वेळी घरात नव्हतात ना?’ हा उतरत्या सुरातला प्रश्न सूचक आहे, हे कुणालाही ऐकू येतं. सूर चढवून विचारला, तर वकील म्हणू शकतो की मी केवळ खात्री करून घेत होतो. आणि साक्ष बहुधा प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिली जात नाही, ती सलग निवेदन म्हणून लिहिली जाते: ‘हे म्हणणे खरे आहे की, त्या वेळी मी घरात नव्हतो.’ प्रश्न कोणत्या सुरात आला, ‘हो’ किती वेळाने आला, तो कोणत्या अर्थाचा होता, यातलं काहीच त्या ओळीत येत नाही. न्यायालयाला प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं नोंदवण्याची मुभा आहे. ‘नव्हतात ना?’ला नुसता ‘हो’ आला, तर ती मुभा वापरण्याची खरी वेळ तीच, आणि साक्षीदाराकडून ‘नव्हतो’ किंवा ‘होतो’ हे क्रियापद वदवून घेतल्याशिवाय पुढचा प्रश्न विचारला जाऊ नये.