न पाहिलेला स्नेही

ज्याचें तोंड मीं कधीं पाहिलें नाहीं आणि ज्याचा आवाज कधीं ऐकला नाहीं, अशा एका मित्राविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. तो फिनलंडच्या उत्तर भागांत राही, मी पुण्यास. दोघेही हौशी बिनतारी यंत्रचालक. २०११ सालीं वीस मीटर लहरींवर आमची गांठ पडली, आणि पुढें बारा वर्षें, आठवड्यांतून एकदां तरी, आम्ही ‘कट्ट-कडकट्ट’च्या भाषेंत बोलत असूं.

टिंब आणि रेघ एवढींच या लिपीचीं चिन्हें. तरी प्रत्येकाचा हात निराळा पडतो. हस्ताक्षरच म्हणा ना. माझा मित्र साधी, हातानें दाबावयाची कळ वापरी, आणि ‘क्यू’ या अक्षराची शेवटची रेघ हटकून लांबवी. नांव सांगण्यापूर्वींच मी त्याला ओळखत असें. टिंबें आपोआप मोजून देणाऱ्या नव्या कळींत ही गंमत उरत नाहीं.

२०२२च्या हिवाळ्यांत तो हात बदलूं लागला. अक्षरांतील अंतर वाढलें, रेघ मध्येंच तुटूं लागली, आणि चूक झाल्याची खूण, म्हणजे ओळीनें आठ टिंबें, वारंवार येऊं लागली. लहरींच्या चढउतारानें अक्षर क्षीण होतें, पण त्याची चाल बिघडत नाहीं; तेव्हां दोष हवेचा नव्हता. त्यानें आपण होऊनच कळविलें, ‘हात थंड.’ मीं माझा वेग निम्म्यावर आणला. त्याविषयीं तो कांहीं बोलला नाहीं. त्याचाही वेग उतरला.

२०२३च्या मार्चांत तो आला नाहीं. उत्तर ध्रुवाकडे चुंबकीय वादळ उठलें म्हणजे तिकडचे संदेश कांहीं दिवस बुजून जातात. परंतु त्या संध्याकाळीं फिनलंडमधील इतर तीन केंद्रें मला स्वच्छ ऐकूं येत होतीं. बर्फाच्या भारानें त्याची एरियल तुटली असेल, असेंही वाटलें. चार आठवडे मौनांत गेल्यावर मीं टपालानें कार्ड धाडलें.

उत्तर मुलीचें आलें. वडील फेब्रुवारीअखेर वारले. शेवटचें वर्षभर त्यांना कंपवात होता. पुढें तिनें विचारलें होतें, ‘त्यांच्या नोंदवहींत आपली खूण सहाशेंहून अधिक वेळां आहे. घरांत कोणासच आपण ठाऊक नाहीं. आपण कोण?’

संभाषण संपतांना आम्ही ‘एसके’ हीं अक्षरें वाजवितों. दिवंगत यंत्रचालकासही तींच लावतात. ‘सायलेंट की’, अर्थात् मूक कळ, याचींही आद्याक्षरें तींच. माझ्या वहींत त्याच्या खुणेपुढें मीं तीं लिहिलीं, आणि मुलीच्या पत्रास उत्तर लिहावयास बसलों. त्याचा व्यवसाय, त्याचें वय, मला कांहींच सांगतां येईना. मात्र दर वसंतांत गांवच्या नदीवरील बर्फ फुटला कीं तो ती तारीख मला कळवी. अशा बारा तारखा माझ्या वहींत होत्या. त्या मीं उतरवून पाठविल्या.

मे महिन्याच्या अखेरीस तिचें कार्ड आलें. त्यावर तेरावी तारीख होती.