'तू' म्हणजे नेमका कोण?

(कथालेखनावरील बैठकीत केलेलं भाषण)

मी गोदीत गोण्या ओढणारा माणूस. मॅट्रिकपुढं शिकलो नाही, तेव्हा समीक्षेची भाषा माझ्याकडं मागू नका. एकाच शब्दावर बोलतो. 'तू'. कथेत वाचकालाच 'तू' म्हणून उभं करायचं, त्याचा हात त्यातल्या गुन्ह्याला लागलेला दाखवायचा. हे कधी साधतं आणि कधी नुसती नक्कल होते?

पहिल्यांदा मी आपटलो. चहाच्या दुकानातल्या वेगळ्या कपाची गोष्ट लिहिली. 'तू मला वेगळा कप देतोस, तू आतून किडलेला आहेस.' अशाच एका खोलीत वाचली. टाळ्या पडल्या. घरी जाताना कळलं, टाळ्या पडल्या म्हणजेच गोष्ट मेली. त्या खोलीत वेगळा कप देणारा एकही नव्हता. 'तू' दाराबाहेर होता. आपण सगळ्यांनी मिळून त्याला शिव्या घातल्या आणि सुखानं झोपलो. आणि तो खरोखर वाचायला बसला असता तरी 'किडलेला' या शब्दापाशी म्हणाला असता, हा मी नव्हे. वही मिटली असती.

मग स्वतःला विचारलं, माझं लिखाण वाचतं कोण? तुम्ही वाचता. म्हणजे 'तू' तुमच्यातलाच हवा, आणि त्याचं काम तुम्ही खरंच केलेलं हवं. मी दुसरी गोष्ट लिहिली. पोरगा सभेहून रात्री उशिरा घरी येतो, आई जागी असते, ताट वाढते. एवढीच.

पहिला खर्डा असा होता: 'तू येतोस, बसतोस, जेवतोस. तुला लाज वाटत नाही.' बैठकीतली एक मैत्रीण म्हणाली, "यात मी कुठं आहे? मीही सभेहून उशिरा जाते, माझीही आई ताट वाढते. तुझ्या 'येतोस'नं मला बाहेर काढलं." बरोबर होतं. आपल्या मराठीत 'येतोस' म्हटलं की पुरुष, 'येतेस' म्हटलं की बाई. पण 'तू भाकरी मोडलीस' म्हणा. इथं क्रियापद भाकरीमागं जातं. मोडणारा बाप्या की बाई, ते उघडं राहतं. म्हणून मी सगळं असं फिरवलं:

'तू दार ढकललंस. हात धुतलेस. भाकरी मोडलीस. भाषणातलं समतेचं वाक्य आईला ऐकवलंस. तिनं तव्यावरची शेवटची भाकरी तुझ्या ताटात टाकली. तू ताट तिथंच ठेवलंस.'

'लाज वाटत नाही' हे वाक्य काढलं. वाचकाच्या मनात काय चाललंय ते मी कोण सांगणार? मी सांगितलं की तो भांडतो. भाकरी मोडली, ताट तिथंच ठेवलं, यावर भांडण नाही. ते त्यानं केलेलं असतं. आई जेवली का, हेही मी लिहिलं नाही. तो प्रश्न ज्याचा त्याला पडू द्यावा.

'तुम्ही' का नाही? 'तुम्ही' म्हटलं की गर्दी होते, आणि गर्दीत लपता येतं. 'तू' एकट्याला धरतो. पण 'ए तू' ही हाक आपल्या बापजाद्यांनी खाली मान घालून ऐकलेली आहे. तीच हाक आपण वाचकाला मारली तर नुसता सूड होतो. हा 'तू' एका ताटात जेवणाऱ्याचा हवा.

अँटिग्वा बेटावरच्या जमैका किंकेड या बाईंनी १९८८ साली 'अ स्मॉल प्लेस' लिहिलं. त्यात वाचक म्हणजे विमानातून उतरलेला प्रवासी. त्याला त्या टॅक्सीत बसवतात, हॉटेलच्या खिडकीशी नेतात, समोर निळा समुद्र. मग सांगतात की बेटावर सांडपाण्याची नीट सोय नाही, तेव्हा तू न्हाणीत सोडलेलं पाणी जातं कुठं ते बघ. खिडकीतला समुद्र तोच, पण आता त्यात पोहणं अवघड. पुढं त्या हेही म्हणतात की बेटावरच्या माणसालाही प्रवासी व्हावंसं वाटतं, फक्त त्याच्याकडं पैसा नाही. या एका गोष्टीनं 'तू' राक्षस न राहता माणूस होतो, म्हणूनच त्याला सुटका नाही.

आपली गोष्ट तपासायची सोपी रीत सांगतो. प्रत्येक 'तू'च्या जागी 'तो' घाला. 'तो आला, त्यानं भाकरी मोडली.' काहीच हरवलं नाही, तर तुमचा 'तू' रंगरंगोटी आहे, काढून टाका. आणि असली गोष्ट लांबवू नका. माझी दीड पान आहे. त्यापुढं वाचकाला बोटाची सवय होते.

ती गोष्ट वाचली तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. कुणी बिडी पेटवली, कुणी जमिनीकडं बघत बसलं. मीही त्या रात्री उशिराच घरी गेलो. ताट झाकून ठेवलेलं होतं.

बैठक लांबली आहे. तुमच्याही घरी कुणीतरी जागं असेल.